‘ला’ दिसला म्हणजे द्वितीयाच का? विभक्तीचा पाठ आणि पट्ट्यांचा खेळ

विभक्तीचा पाठ पहिल्यांदाच घेणाऱ्यांना एक विनंती आहे. तासाची सुरुवात तक्त्याने करू नका. ‘द्वितीया – स, ला, ते, तृतीया – ने, ए, शी’ हे सहावी-सातवीतली मुलं एका दिवसात घडाघडा म्हणून दाखवतात, पण समोर ‘आजीने मांजराला दूध दिले’ हे वाक्य आलं की अर्धा वर्ग ‘मांजराला’ची विभक्ती द्वितीया सांगतो. कारण तक्त्यात ‘ला’ आधी द्वितीयेसमोर येतो आणि शोधणारा तिथेच थांबतो. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय एकच आहेत, त्यामुळे तक्ता कितीही पक्का असला तरी हा प्रश्न तक्त्यावरून सुटत नाही. तो वाक्याच्या अर्थावरून सोडवावा लागतो, आणि मुलांना ते करायला शिकवणं हेच या पाठाचं खरं काम आहे.

इथे दिलेला क्रम दोन तासिकांत पुरा होतो. पहिल्या तासिकेत शब्द कसा बदलतो ते पाहायचं आणि प्रत्यय ओळखायचा. दुसऱ्या तासिकेत पट्ट्यांची वर्गवारी करायची. त्याला पुठ्ठ्याच्या पट्ट्या, जाड पेन आणि सात छोटी खोकी किंवा पाकिटं पुरतात.

पहिली पायरी: शब्द कुठे मोडतो ते दाखवा

फळ्यावर चार नामं एकाखाली एक लिहा: घोडा, शाळा, फूल, विहीर. प्रत्येकाला ‘त’ किंवा ‘ला’ लावून मुलांकडून म्हणून घ्या. घोड्याला, शाळेत, फुलाला, विहिरीत. मराठी बोलणारं मूल इथे अडखळत नाही. ‘घोडाला’ कुणीच म्हणत नाही. आता विचारा, ‘प्रत्यय काढून टाकला तर काय उरतं?’ घोड्या, शाळे, फुला, विहिरी. प्रत्यय लागण्याआधी नामाचं हे जे बदललेलं रूप तयार होतं, तेच सामान्यरूप. व्याख्या एवढीच द्या, पण ती रूपं समोर आल्यानंतर द्या.

इथे थोडं थांबून लेखनाकडे लक्ष वेधावं. ‘फूल’मधला ऊ दीर्घ आहे, ‘फुलाला’मधला ऱ्हस्व. ‘विहीर’मधला ‘ही’ दीर्घ, ‘विहिरीत’मधला ‘हि’ ऱ्हस्व. शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. मूल – मुलाला, गरीब – गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र याला अपवाद आहेत; शरीर – शरीराला. मुलांच्या वह्यांत ‘विहीरीत’ आणि ‘फूलाला’ वारंवार दिसतं, आणि ती चूक सुधारण्याची योग्य जागा शुद्धलेखनाच्या वेगळ्या तासापेक्षा हीच आहे, कारण बदल का होतो ते इथे डोळ्यांसमोर असतं.

अनेकवचनाची खूण म्हणजे अनुस्वार: मुलाला – मुलांना, झाडात – झाडांत. आदरार्थी उल्लेखातही तो येतो. आजोबा एकच असले तरी ‘आजोबांनी’ लिहायचं. हे एकदा सांगितलं की पुरे, पट्ट्यांवर ते पुन्हा भेटेलच.

दुसरी पायरी: प्रत्यय आहे की नुसता शेवट?

शेवटी ‘त’ दिसला की सप्तमी, ‘ने’ दिसला की तृतीया, असं धरून चालणारी मुलं ‘वात’, ‘हात’, ‘सोने’, ‘पाऊस’, ‘गेला’ या शब्दांत फसतात. यांच्यासाठी एक सोपी कसोटी आहे: प्रत्यय बदलून पाहा. ‘घरात’मधला ‘त’ काढून तिथे ‘ला’ किंवा ‘ने’ ठेवला तर ‘घराला’, ‘घराने’ हे शब्द होतात आणि ते त्याच घराबद्दल बोलतात. म्हणजे ‘त’ हा प्रत्यय आहे. ‘हात’मधला ‘त’ काढून ‘ला’ ठेवला तर ‘हाला’ होतं, त्याला काही अर्थ नाही. म्हणजे तो ‘त’ शब्दाचाच भाग आहे.

‘त्याच घराबद्दल’ हे शब्द गाळू नका. एखादं चौकस मूल म्हणेल, ‘‘पाने’मधला ‘ने’ काढून ‘ला’ लावला तर ‘पाला’ होतो की!’ शब्द झाला हे खरं, पण ‘पाला’ म्हणजे ‘पा’ या नावाच्या कशाला तरी, असा अर्थ नाही. अर्थ टिकला तरच कसोटी लागू झाली असं मानायचं.

दोन प्रकारचे शब्द या कसोटीनंतरही गोंधळात टाकतात. ‘धावून’, ‘खाऊन’, ‘पाहून’ यांच्या शेवटी ‘ऊन’ आहे, आणि पंचमीचा प्रत्ययही ‘ऊन’च. फरक असा की हे शब्द क्रियेपासून बनले आहेत, नामापासून नाहीत. ‘ऊन’ काढल्यावर मागे धाव, खा, पाहा ही कृती उरते. दुसरा प्रकार ‘झाडावर’, ‘घरामागे’, ‘मित्रासाठी’ असा. इथे सामान्यरूप आहे, त्याला काहीतरी जोडलेलंही आहे, पण वर, मागे, साठी ही शब्दयोगी अव्ययं आहेत. सामान्यरूप दिसलं म्हणजे विभक्ती आहेच असं नाही, हे मुलांना इथे स्पष्ट सांगा. नाहीतर ‘झाडावर’ला सप्तमी म्हणणारं उत्तर हमखास येतं, कारण अर्थ ‘कुठे?’चाच असतो.

एवढं झालं की तक्ता फळ्यावर येऊ द्या. प्रथमेला प्रत्यय नाही. संबोधनात अनेकवचनी ‘नो’ लागतो: मुलांनो. मधल्या सहांचे प्रत्यय असे: द्वितीया आणि चतुर्थीचे स, ला, ते आणि अनेकवचनात स, ला, ना, ते; तृतीयेचे ने, ए, शी आणि अनेकवचनात नी, शी, ई, ही; पंचमीचे ऊन, हून; षष्ठीचे चा, ची, चे आणि चे, च्या, ची; सप्तमीचे त, ई, आ. ‘ते’, ‘ए’, ‘ही’, ‘आ’ हे जुन्या कवितेत किंवा ठरावीक शब्दांतच सापडतात. पहिल्या पाठात त्यांची उदाहरणं शोधत बसू नये. ‘स’ मात्र दाखवा, कारण ‘रामास’, ‘मुलास’ ही रूपं पुस्तकांतून मुलांच्या वाचनात येतात.

षष्ठीबद्दल एक गोष्ट तक्ता चुकीची सुचवतो. ‘चा, ची, चे’ एकवचनाच्या रकान्यात आणि ‘चे, च्या, ची’ अनेकवचनाच्या रकान्यात असल्यामुळे मुलांना वाटतं, की ज्या शब्दाला प्रत्यय लागला त्याच्या वचनावर तो ठरतो. तसं नाही. मुलगी एकच आहे, तरी मुलीचा डबा, मुलीची वही, मुलीचे दप्तर, मुलीचे डबे, मुलीच्या वह्या, मुलीची पुस्तके. प्रत्यय पुढच्या नामाचं लिंग आणि वचन पाहून बदलतो. आणि पुढचं नाम स्वतःच सामान्यरूपात असेल तर ‘च्या’ येतो: मुलीच्या डब्यात, मुलीच्या दप्तराला. ही सगळी रूपं फळ्यावर लिहून पुढच्या नामाखाली रेघ मारा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर ‘मुलीच्या वह्या’ पाहून ‘मुली अनेक आहेत’ असं कुणी म्हणत नाही.

तिसरी पायरी: ‘ला’ची फोड

आता मुख्य भाग. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहा.

आजीने मांजराला उचलले.
आजीने मांजराला दूध दिले.

दोन्हीत तीच आजी, तेच मांजर, तोच ‘ला’. विचारा, ‘पहिल्या वाक्यात काय उचललं गेलं?’ मांजर. ‘दुसऱ्यात काय दिलं गेलं?’ दूध. मांजर दिलं गेलं नाही, मांजराला काहीतरी मिळालं. पहिल्या वाक्यात क्रिया थेट मांजरावर घडली, म्हणून ते कर्म आणि त्याची विभक्ती द्वितीया. दुसऱ्यात दूध हे प्रत्यक्ष कर्म आहे आणि मांजर हे अप्रत्यक्ष, म्हणजे ते दूध ज्याच्याकडे गेलं ते. त्याची विभक्ती चतुर्थी.

मुलांच्या हातात द्यायचा प्रश्न असा: क्रियापदाला ‘काय?’ विचारा. त्याचं उत्तर ‘ला’वाला शब्द सोडून दुसऱ्याच शब्दाने मिळत असेल, तर ‘ला’वाला शब्द बहुतेक चतुर्थीत आहे. ‘काय दिले?’ दूध. ‘काय सांगितली?’ गोष्ट. असा दुसरा शब्द नसेल आणि क्रिया ‘ला’वाल्या शब्दावरच घडत असेल, तर द्वितीया. ‘कोणाला उचलले?’ मांजराला.

तिसरा गट वेगळा समजावून द्यावा लागतो. ‘तिला सर्दी झाली’, ‘मला भूक लागली’, ‘आजोबांना चंद्र दिसला’. इथे कुणी कुणाला काही दिलेलं नाही आणि कुणावर क्रियाही केलेली नाही. अनुभव येतो तो त्या व्यक्तीला, आणि तिची विभक्ती चतुर्थी. काही जण चतुर्थी ओळखायला ‘ला’च्या जागी ‘साठी’ ठेवून पाहायला सांगतात. ‘मांजरासाठी दूध’ इथे ते चालतं, पण ‘तिच्यासाठी सर्दी झाली’ म्हणून पाहा. म्हणून नुसती ‘साठी’ची युक्ती मी कधीच शिकवत नाही.

‘काय?’ या प्रश्नालाही मर्यादा आहे. ‘लोकांनी त्याला अध्यक्ष निवडले’ या वाक्यात ‘काय निवडले?’ला ‘अध्यक्ष’ असं उत्तर येतं, तरी ‘त्याला’ द्वितीयाच आहे, कारण निवडला गेला तो माणूस. अध्यक्ष हे त्याच्याबद्दलचंच विधान आहे. अशी वाक्यं आठवीच्या चर्चेसाठी छान आहेत, पहिल्या खेळात घेऊ नका. ‘तो गावाला गेला’ हेही टाळा. गाव हे तिथे पोचण्याचं ठिकाण आहे, कर्म नाही आणि काही मिळणारं माणूसही नाही, त्यामुळे वर्ग उगाच अडकून पडतो. आणि ‘मुलगा आंबा खातो’ यातला ‘आंबा’ हे कर्म असूनही त्याला प्रत्यय नाही. मराठीत निर्जीव कर्म बहुधा असंच येतं. रूपावरून पाहिलं तर ते प्रथमेसारखं दिसतं, अर्थ कर्माचा असतो. मुलांनी विचारलं तर एवढंच सांगा, पट्टीवर तो शब्द अधोरेखित करू नका.

याच्या बरोबर उलट प्रकार तृतीयेत होतो. ‘मुलाने किल्लीने कुलूप उघडले’ यात ‘ने’ दोनदा आला. मुलगा उघडणारा, किल्ली साधन. अर्थ दोन, तरी दोन्ही शब्दांची विभक्ती तृतीयाच. हुशार मूल इथे नक्की विचारेल, ‘मग ‘ला’चे दोन अर्थ झाल्यावर विभक्ती दोन, आणि ‘ने’चे दोन अर्थ झाले तरी एकच, असं का?’ प्रश्न अगदी योग्य आहे, तो टाळू नका. आपली आठ विभक्तींची चौकट संस्कृतातून आली. संस्कृतात द्वितीया आणि चतुर्थीची रूपं सहसा वेगळी असतात, मराठीत त्यांचे प्रत्यय एक झाले, पण नावं दोन राहिली. तृतीया मात्र संस्कृतातही कर्ता आणि साधन या दोन्ही अर्थांनी वापरली जायची. एवढं उत्तर सातवीच्या मुलाला पटतं.

चौथी पायरी: पट्ट्यांचा खेळ

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला सोळा पट्ट्या आणि सात खोकी द्या. खोक्यांवर द्वितीया, तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी अशी नावं लिहा आणि सातव्यावर ‘यादीतला प्रत्यय नाही’ असं लिहा. हे सातवं खोकं गाळू नका. ते नसलं की मूल प्रत्येक शब्द कुठेतरी कोंबतं आणि दुसऱ्या पायरीची कसोटी वापरतच नाही.

पट्ट्यांवर पूर्ण वाक्य लिहा आणि एकच शब्द अधोरेखित करा. नुसता शब्द लिहिला तर ‘मांजराला’ कुठे ठेवायचं ते ठरवताच येणार नाही. वाक्यं अशी घेता येतील. अधोरेखित करायचे शब्द असे: 1 आणि 2 मध्ये मांजराला, 3 आणि 4 मध्ये बैलाला, 5 आणि 6 मध्ये मुलांना, 7 मध्ये तिला, 8 मध्ये किल्लीने, 9 मध्ये वादळाने, 10 मध्ये घरट्यातून, 11 मध्ये विहिरीत, 12 मध्ये मुलीच्या, 13 मध्ये झाडाची, 14 मध्ये वात, 15 मध्ये धावून, 16 मध्ये झाडावर.

1. आजीने मांजराला उचलले.
2. आजीने मांजराला दूध दिले.
3. शेतकरी बैलाला धुतो.
4. शेतकरी बैलाला चारा घालतो.
5. शिक्षकांनी मुलांना ओळखले.
6. शिक्षकांनी मुलांना गोष्ट सांगितली.
7. तिला सर्दी झाली.
8. मुलाने किल्लीने कुलूप उघडले.
9. वादळाने झाड पडले.
10. घरट्यातून पिल्लू डोकावले.
11. विहिरीत पाणी कमी आहे.
12. मुलीच्या वह्या भिजल्या.
13. झाडाची फांदी वाकली.
14. दिव्याची वात विझली.
15. मुलगा धावून दमला.
16. पक्षी झाडावर बसला.

उत्तरं: 1, 3, 5 द्वितीया, 2, 4, 6, 7 चतुर्थी, 8, 9 तृतीया, 10 पंचमी, 12, 13 षष्ठी, 11 सप्तमी, 14, 15, 16 सातव्या खोक्यात. खोकी मुद्दाम असमान भरतात. प्रत्येकात सारख्याच पट्ट्या असतील असं मुलांना वाटलं, तर ती उरलेल्या पट्ट्या मोजून ठेवू लागतात.

मी, तू, आम्ही, तुम्ही ही सर्वनामं तृतीयेच्या पट्ट्यांवर घेऊ नका. ‘मी पेरू खाल्ला’ यात ‘ने’ दिसतच नाही, आणि ‘त्याने’, ‘तिने’मध्ये दिसतो. हा विषय सर्वनामांच्या पाठात जास्त नीट मांडता येतो.

खेळ दोन फेऱ्यांत घ्या. पहिल्या फेरीत नावांची खोकी बाजूला ठेवून मुलांनी फक्त प्रत्ययावरून ढीग करायचे: ला-ना एका ढिगात, ने दुसऱ्यात, चा-ची-च्या तिसऱ्यात, असे. दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या फेरीत ढिगांतल्या पट्ट्या खोक्यांत टाकायच्या, आणि ‘ला’चा ढीग फोडताना गटाने प्रत्येक पट्टीचं कारण एका वाक्यात बोलून दाखवायचं. कारण सांगता आलं नाही तर पट्टी टेबलावरच राहते. या नियमानं अंदाजाने टाकणं थांबतं.

पट्टी 4 वर काय होतं ते पाहू. ‘शेतकरी बैलाला चारा घालतो.’ एक मूल म्हणतं, ‘बैलावर काम चाललंय, म्हणजे द्वितीया.’ दुसरं पट्टी 3 हातात घेतं: ‘इथे बैल धुतला जातो. तिथे काय घातलं जातं? चारा.’ पहिलं मूल अडतं, ‘पण खातो तर बैलच ना?’ आणि नेमकं तेच चतुर्थीचं कारण असतं: चारा बैलाकडे जातो, घातला जातो तो चारा. शिक्षकाने इथे बोलू नये. जोड्या 1-2, 3-4, 5-6 मुद्दाम अशा ठेवल्या आहेत की एक पट्टी दुसरीचं उत्तर दाखवते. गट खूपच अडला तर ‘हिच्या जोडीची पट्टी शोधा’ एवढंच सांगावं.

‘घरट्यातून’वर वाद होतो, कारण त्यात ‘त’ही दिसतो आणि ‘ऊन’ही. शब्द शेवटाकडून वाचायला सांगा. शेवटी ‘ऊन’ आहे आणि अर्थ ‘कुठून?’चा आहे, म्हणून पंचमी. ‘घरट्यात’ एवढाच शब्द असता तर सप्तमी झाली असती.

खेळ संपल्यावर कोणत्या खोक्यात जास्त चुका आहेत ते पाहा. सातव्या खोक्यातली एखादी पट्टी सप्तमीत किंवा पंचमीत सापडली, तर दुसऱ्या पायरीची कसोटी पुन्हा घ्यायला हवी. चतुर्थीतल्या पट्ट्या द्वितीयेत सापडल्या, तर ‘काय?’ हा प्रश्न अजून हातात बसलेला नाही. पट्टी 7 एकटीच चुकली असेल तर फारसं बिघडलेलं नाही. अनुभवाची आणखी तीन-चार वाक्यं तोंडी घेतली की ती जागेवर येते.

घरी करायला मुलांना पाठ्यपुस्तकातला कोणताही एक परिच्छेद द्या आणि त्यातले फक्त ‘ला’ आणि ‘ना’ने संपणारे शब्द वहीत उतरवायला सांगा. प्रत्येक शब्दासमोर तीन गोष्टी लिहायच्या: प्रत्यय आहे की नाही, ‘काय?’चं उत्तर कोणतं, आणि विभक्ती. ‘गेला’, ‘आला’, ‘म्हणाला’ हे शब्द तिथे भरपूर भेटतील, आणि ते वगळताना मुलाला दुसऱ्या पायरीची कसोटी आपसूकच वापरावी लागेल.